ब्लूज आणि रॉक अँड रोल: कॉर्ड त्याच, मग बदललं काय?

पावणेआठची लोकल

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

मुलगा चौदा वर्षांचा, दीड वर्ष गिटारच्या क्लासला जातोय. मागच्या महिन्यात सरांनी बारा बारचं ब्लूज शिकवलं. ए, डी आणि ई, तीनच कॉर्ड, त्याच गोल गोल फिरवायच्या. रोज संध्याकाळी घरात ते संथ, जड काहीतरी सुरू असायचं आणि खरं सांगतो, मलाही आवडायला लागलं होतं. या आठवड्यात सरांनी चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' काढलं आणि पोरगा म्हणतो, बाबा हे तेच आहे. म्हटलं तेच कसं असेल, ते ऐकून दिवसभराचा थकवा आठवायचा आणि हे ऐकून पाय हलतोय. त्याने वाजवून दाखवलं तर खरंच कॉर्ड त्याच, क्रमही जवळपास तोच.

सरांना विचारलं तर म्हणाले "फील वेगळा असतो हो". आता फील म्हणजे काय? कुठली तरी गोष्ट हाताने वेगळी केली असणार ना? मी लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, त्यामुळे सारेगममध्ये सांगितलंत तर डोक्यात शिरेल.

चहाबिस्कूट

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

गिटारवेडा

सोपं आहे. स्पीड. ब्लूज हळू असतं, तेच फास्ट केलं की रॉक अँड रोल. त्यात इलेक्ट्रिक गिटार आली, आवाज फाटका झाला, झालं काम. बाकी बारा बारचा साचा शंभर वर्षं तसाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. ब्लूज म्हटलं की बारा बार, हा नियमच.

मंद्रसप्तक

गिटारवेडा, निम्मं बरोबर आहे तुमचं, निम्म्यावर भांडायला आलोय :)

स्पीडचं आधी. पाइनटॉप स्मिथचं 'पाइनटॉप्स बूगी वूगी' 1928 सालचं आहे. नुसता पियानो, वर तो नाचणाऱ्यांना सूचना देतोय, आणि चांगलं पळतं गाणं आहे. म्हणजे जलद ब्लूज रॉक अँड रोलच्या पंचवीसेक वर्षं आधीपासून होतं. आणि उलट बाजूने, संथ लयीतली रॉक अँड रोल गाणीही ढिगाने सापडतात. तेव्हा नुसता काटा पुढे सरकवून हे झालेलं नाही.

आता लोकलवाल्यांसाठी साचा सारेगममध्ये. एक बार म्हणजे चार मात्रा, बारा बार म्हणजे 48 मात्रा, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं समजा. पहिलं आवर्तन पूर्ण सा वरच्या कॉर्डवर. दुसऱ्याच्या सुरुवातीला, म्हणजे सतराव्या मात्रेला, म वर जायचं आणि अर्ध्यात सा वर परत. तिसऱ्याच्या सुरुवातीला, तेहतिसाव्या मात्रेला, प वर, तिथून म वर आणि मग घरी. शब्दांचाही हिशोब तसाच: पहिल्या आवर्तनात एक ओळ, दुसऱ्यात तीच ओळ परत, तिसऱ्यात तिला यमक जुळवून उत्तर.

पण खरी गंमत यात आहे की ओळ आवर्तनभर नसते. ओळ साधारण अर्ध्यात संपते आणि उरलेल्या अर्ध्यात गिटार बोलते. गाणाऱ्याने गाऱ्हाणं सांगायचं, गिटारने हुंकार द्यायचा. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात ना, इथे बुवा आणि टाळकरी एकच माणूस, हातात गिटार घेतलेला. तुम्हाला जो थकवा ऐकू येतोय तो बराचसा या मोकळ्या जागेत आहे.

नंदिनी के.

मंद्रसप्तक, वाचतेय. तो "बारा बारचा नियमच" वाला मुद्दा राहिला बघा, त्यावर भांडणार होतात.

मंद्रसप्तक

हो की. जॉन ली हूकरचं 'बूगी चिलन' ऐका, 1948. एक माणूस, एक इलेक्ट्रिक गिटार आणि पायाचा ठोका. बारा बार तर सोडाच, जवळपास एकाच कॉर्डवर सगळं गाणं आहे. लाइटनिन हॉपकिन्स तर मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा, कधी अकरा बार, कधी साडेतेरा. एकटा वाजवणाऱ्याला कोण विचारतंय? ओळ लांबली की बार लांबला. साथीला बसणाऱ्यांचे हाल व्हायचे म्हणे.

साचा घट्ट झाला तो बँडमुळे. चार-पाच माणसं एकत्र वाजवणार असतील तर सगळ्यांनी सतराव्या मात्रेला एकदम म वर उडी मारायला हवी, नाहीतर बोंब. मडी वॉटर्स मिसिसिपीतला शेतमजूर, 1943 मध्ये शिकागोला आला. तिथल्या गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार कुणाला ऐकू जाणार, म्हणून इलेक्ट्रिक घेतली, मग मागे ड्रम, पियानो, हार्मोनिका. रॉक अँड रोलच्या दिशेने पहिलं पाऊल माझ्या मते हे. एकट्याचं गाणं चौघांचं झालं आणि वेळेला बांधलं गेलं.

शिंदेसरकार

चौदा वर्षांच्या मुलाला कुठली गिटार घ्यावी? माझा भाचा पण मागे लागलाय. बजेट आठ हजार.

खडूस काका

धागा न वाचता प्रतिसाद देण्याची स्पर्धा असती तर...

कोपऱ्यातला तबलजी

मी या गाण्यांतला तज्ज्ञ नाही पण एका इंग्रजी बँडबरोबर दोन वर्षं कॅहॉन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका, वाजवलाय, तिथे शिव्या खाऊन जे शिकलो ते सांगतो. लोकलवाले, तुमच्या "हाताने काय वेगळं केलं" चं उत्तर गिटारमध्ये कमी आणि ठेक्यात जास्त आहे.

स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणा. रिकामा. एका मात्रेचे तीन समान तुकडे करा: ता-त-कि. आता मधला गाळा, त्याची जागा मात्र तशीच रिकामी ठेवा. ता-ऽ-कि ता-ऽ-कि ता-ऽ-कि. हा शफल. आपण याला तिस्र म्हणू, दादऱ्याच्या अंगाचा झोका आहे. ब्लूजची बहुतेक गाणी या झोक्यावर चालतात, लंगडत चालल्यासारखी.

आता त्याच मात्रेचे दोनच सारखे तुकडे करा. त-क त-क त-क त-क. झोका गेला. आगगाडी आली. हे सरळ आठ. बारमध्ये चार मात्रा, प्रत्येकीचे दोन, म्हणून आठ.

मला त्या बँडमध्ये शिव्या पडायच्या त्या याच्यासाठी की मी सरळ गाण्यात नकळत तिस्र घालायचो. स्वतःला कळतच नाही. कसं ओळखायचं ते सांगतो, तोंडाने "त-क" म्हणत हाताने वाजवा, दुसरा ठोका तोंडाच्या मागे पडत असेल तर तुम्ही अजून ब्लूजमध्येच आहात.

पावणेआठची लोकल

तबलजी __/\__ डबा आणला. बायको म्हणाली आधी त्यातली हळद रिकामी करा. ता-ऽ-कि आणि त-क मधला फरक पहिल्यांदा कळला, पण थोडा वेगाने वाजवलं की दोन्ही सारखंच ऐकू येतंय?

कोपऱ्यातला तबलजी

अहो तेच तर! मिनिटाला 80 मात्रा धरा, एका मात्रेला पाऊण सेकंद मिळतो, झोका स्पष्ट दाखवता येतो. 170 धरा, मात्रेला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्याचे परत तीन करून मधला गाळायला हाताला वेळच नाही, तो आपोआप सपाट होत जातो. म्हणजे गिटारवेडा म्हणाले ते स्पीडचं अगदीच चूक नाही. वेग वाढला की झोका मरायला लागतो.

गिटारवेडा

हुश्श. कुणीतरी बाजू घेतली.

मंद्रसप्तक

घेतली, पण अर्धीच :) कारण झोका आपोआप सपाट होणं वेगळं आणि कुणीतरी मुद्दाम सरळ वाजवणं वेगळं. इथे दोन माणसांची नावं घ्यावी लागतील.

पहिला लिटल रिचर्ड. 1955 च्या सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला 'टुटी फ्रुटी' रेकॉर्ड केलं. त्याचा उजवा हात पियानोवर हातोड्यासारखा सरळ आठ ठोकतो. त्या स्टुडिओतला ड्रमर होता अर्ल पामर, मूळचा जॅझवाला, झोक्यात वाढलेला. त्याने पुढे सांगितलंय की रिचर्ड असा दणादण ठोकत असताना आपण शफल धरून बसणं जमेना, म्हणून तो हळूहळू रिचर्डच्या हाताकडे सरकला. म्हणजे रॉकचा ठेका कुणी बसून शोधला नाही, शेजारच्याशी जुळवून घेताना झाला.

दुसरा चक बेरी. ब्लूजचे गिटारवाले बूगी पियानोचा डावा हात गिटारवर आणायचे. रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये हे करून ठेवलंय. लोकलवाले, मुलाला सांगा: ए ची तार खुली आणि तिच्यासोबत डी तारेचा दुसरा फ्रेट, मग चौथा फ्रेट, परत दुसरा, परत चौथा. म्हणजे सा कायम आणि वर प, ध, प, ध. रॉबर्ट जॉन्सन हे झोक्यात वाजवतो. चक बेरी हेच्च वाजवतो, पण सरळ. बोटं त्याच जागी, नुसती वेळ बदलली आणि गाणं वेगळं झालं.

आणि आता कान लावून ऐका. 'जॉनी बी. गुड' मध्ये बेरीची गिटार सरळ आहे, पण ड्रमवर फ्रेड बिलो आहे, शिकागो ब्लूजचा मुरलेला ड्रमर, आणि तो अजून झोक्यात आहे. डबल बासवर विली डिक्सन, तोही ब्लूजवाला. अर्धा बँड ब्लूजमध्ये, गिटारवाला पुढे निघालेला. 1958 च्या जानेवारीतलं हे रेकॉर्डिंग म्हणजे बदल होताना काढलेला फोटो आहे. पुढच्या कितीतरी बँडांनी हेच गाणं सगळ्यांनी सरळ करून वाजवलं, आणि मला तरी त्यात ती खेचाखेच सापडत नाही.

नंदिनी के.

आत्ता हेडफोन लावून ऐकलं. बाप रे. पन्नास वेळा ऐकलेलं गाणं, ड्रम आणि गिटार वेगवेगळं चालतायत हे कधी जाणवलं नव्हतं. आता ते ऐकू येणं बंद होत नाहीये.

खडूस काका

मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. वय झालं असेल किंवा मंद्रसप्तकांची कल्पनाशक्ती.

कोपऱ्यातला तबलजी

काका, ड्रम नका शोधू, पितळी झांज शोधा, मागे टिंग टिकी टिंग टिकी चाललीये. त्या टिकीचा कि गिटारच्या क वर पडत नाही, किंचित मागे पडतो.

शिकागोकर

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मडी वॉटर्स आणि बेरीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची 2120 साउथ मिशिगन अॅव्हेन्यूवरची इमारत अजून उभी आहे, आता तिथे विली डिक्सनने सुरू केलेलं फाउंडेशन आहे. बाहेरून इतकी किरकोळ दिसते की मी पहिल्यांदा चालत पुढे निघून गेलो होतो.

एक गोष्ट भर घालतो. बेरी शिकागोचा नव्हे, सेंट लुईसचा. 1955 मध्ये इथे मडी वॉटर्सला ऐकायला आला, त्याला विचारलं रेकॉर्ड कुठे करू, त्याने लेनर्ड चेसकडे पाठवलं. बेरीला वाटत होतं आपलं ब्लूज गाणं यांना आवडेल. चेसला आवडलं दुसरंच, 'आयडा रेड' नावाच्या जुन्या गावठी गोऱ्या गाण्यावर बेतलेलं. त्याचं नाव बदलून झालं 'मेबेलिन'. म्हणजे सगळं ब्लूजमधूनच आलं असं म्हणणंही खरं नाही, बेरीच्या त्या सरळ ठोक्यात कंट्री म्युझिकचा हात आहेच. इथे काळे-गोरे रेडिओ वेगळे, रेकॉर्डच्या याद्या वेगळ्या, 1949 पर्यंत बिलबोर्ड मासिक काळ्यांच्या यादीला सरळ 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत होतं. कान मात्र भिंतीपलीकडचं ऐकतच होते.

चिंच आणि गूळ

मला वाटतं तुम्ही सगळे एक मोठी गोष्ट विसरताय, टाळी. रॉक अँड रोलमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. आपल्याकडे समेवर जोर. म्हणूनच आपली माणसं इंग्रजी कार्यक्रमात एक-तीनवर टाळ्या वाजवतात आणि गाणारा हताश होऊन बघत राहतो. माझ्या नवऱ्याने ऑफिसच्या पार्टीत हे केलंय, मी ओळख दाखवली नाही.

मंद्रसप्तक

बरोबर, आणि याचाही धागा पामरपर्यंत जातो. ही टाळी काळ्यांच्या चर्चमध्ये जुनीच होती. जॅझवाले ड्रमर दोन-चारवर दणका द्यायचे पण शेवटच्या फेरीत, गाणं पेटलं की. 1949 च्या डिसेंबरमध्ये फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' रेकॉर्ड करताना पामरने तो दणका पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवला. जेवणाच्या शेवटी येणारा विडा पहिल्या घासाला दिल्यासारखं. तुमच्या यजमानांची बाजू घ्यायची तर, टाळी समेवर पडली की गाणं बसतं, दोन-चारवर पडली की ते उठू बघतं.

शिंदेसरकार

गिटारचं कुणी सांगत नाहीये.

चहाबिस्कूट

शिंदेसरकार, वेगळा धागा काढा हो, तिथे लोक तुटून पडतील.

मला पडलेला प्रश्न: मग पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं? कुठेतरी 'रॉकेट 88' वाचलं होतं.

गिटारवेडा

हो! हे मला माहितेय. 1951, मेम्फिस, आइक टर्नरचा बँड, गाणारा जॅकी ब्रेन्स्टन. मिसिसिपीतून येताना रस्त्यात अँप्लिफायरचा स्पीकर फाटला, दुरुस्तीला वेळ नाही म्हणून आत कागद कोंबले, आणि तो जो घरघराट आला तो रेकॉर्डिंग करणाऱ्या सॅम फिलिप्सला इतका आवडला की तसाच ठेवला. फाटका गिटारचा आवाज तिथून सुरू. म्हणून पहिलं रॉक अँड रोल ते.

मंद्रसप्तक

किस्सा छान आहे, पण गाणं ऐका, ठेका पूर्ण शफल आहे. खाली बूगी, वर सॅक्सोफोन. फाटका आवाज ही खूण धरली तर ते पहिलं, सरळ ठेका धरला तर नाही, आणि दोन-चारचा दणका धरला तर सव्वा वर्ष आधी 'द फॅट मॅन' येऊन गेलंय. कुठली खूण धरायची ते आधी ठरवा, मग पहिलं गाणं आपोआप ठरतं.

खडूस काका

आणि सिस्टर रोझेटा थार्पचं काय? देवाची गाणी म्हणणारी बाई, 1940 च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार घेऊन जे वाजवत होती ते ऐकून या आणि मग पुरुषांची नावं घ्या. मला ड्रम ऐकू येत नसतील, पण एवढं कळतं.

मंद्रसप्तक

काका, हा मुद्दा मान्य, निमूटपणे मान्य. त्यात भर म्हणून एक: 'जॉनी बी. गुड' च्या सुरुवातीचा तो जगप्रसिद्ध तुकडा. 1946 मध्ये लुई जॉर्डनच्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' या गाण्याच्या सुरुवातीला कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याने जवळजवळ तसाच वाजवलाय. बेरीने एका वेळी दोन तारा धरल्या, सा आणि प एकत्र, एकाच फ्रेटवर, त्यामुळे तो तुकडा ट्रंपेट-सॅक्सच्या जोडीसारखा वाजतो. चोरी म्हणा की घराण्याची चीज म्हणा.

नंदिनी के.

चीज म्हणू. आपल्याकडे कुणी विचारतं का बंदिश कुणाची उचलली म्हणून.

मला एक विचारायचंय, सूर काहीच बदलले नाहीत का? फक्त तालाचं चाललंय सगळं.

कोपऱ्यातला तबलजी

तबलजी असल्यामुळे तालाचंच चालणार :D

मंद्रसप्तक

बदलले, आणि माझ्या मते इथे थोडं हरवलंही. ब्लूजमध्ये तिन्ही कॉर्डांत कोमल नि असतो, त्यामुळे घरी आलो तरी थोडी अस्वस्थता राहते. आणि गंधार. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो, गाणारा कोमलवरून हलकेच वर खेचतो पण शुद्धपर्यंत पोचू देत नाही. श्रुती मानणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. लोकलवाले, मुलाला ए मध्ये जी तारेचा पाचवा फ्रेट दाबून तार जेमतेम ढकलायला सांगा. पूर्ण नाही, नखभर. तो ब्लूजचा गंधार. तुमच्या पेटीवर मात्र तो मिळणार नाही, पियानोवरही मिळत नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही गंधार एकापाठोपाठ चिरडतात.

रॉक अँड रोलमध्ये वेग आणि दणका आला की या नखभर जागेला वेळ उरत नाही. आहे, पण निसटता.

आणि सगळ्यात मोठा बदल, जो मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. वर सांगितलेली ती मोकळी जागा आठवा, जिथे गिटार हुंकार द्यायची. 'जॉनी बी. गुड' चं कडवं ऐका, बारा बारच आहेत पण ओळ परत येत नाही, उत्तर येत नाही, शब्दच शब्द, एका पोराची आख्खी गोष्ट. मोकळी जागा बेरीने शब्दांनी भरून टाकली. मग गिटारचा हुंकार गेला कुठे? ध्रुवपदात. तो "गो" म्हणतो आणि गिटार लगेच उत्तर देते, परत "गो", परत उत्तर, पुढचे बारा बार तेच. आधी प्रत्येक ओळीत जो संवाद होता तो उचलून एका जागी गोळा केला, आणि तिथेच लोक उड्या मारतात.

शिकागोकर

हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. शंका एकच, लुई जॉर्डनच्या गाण्यातही गोष्टच असायची ना कडव्यात? मग याचं श्रेय बेरीला कसं?

मंद्रसप्तक

श्रेय एकट्याला नाही, खरंय. जॉर्डन, आणि त्याच्याही आधीचे. बेरीने ते जास्त घट्ट भरलं आणि शाळेतल्या पोरांच्या, गाड्यांच्या गोष्टी घातल्या एवढं म्हणतो.

गिटारवेडा

आपल्याकडे याचं काही आलं का मग? 'ईना मीना डीका'?

चिंच आणि गूळ

सी. रामचंद्र! 1957. पुणतांब्याचे आपले चितळकर. बारा बार वगैरे नाही त्यात, पण ढंग उचललाय बरोबर. त्यांच्याकडे चिक चॉकलेट नावाचे गोव्याचे ट्रंपेटवाले सहायक होते, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे. त्यामुळे बातमी ताजी पोचत असणार.

नंदिनी के.

अवांतर पण राहवत नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात 'जॉनी बी. गुड' आहे. तिच्यातच ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927 सालचं, शब्दच नसलेलं, नुसतं गुणगुणणं आणि तारेवर घसरणारी गिटार. आणि तिच्यातच आपल्या केरीच्या केसरबाई, भैरवीत. या धाग्यात ज्याच्यावर भांडण चाललंय ती दोन्ही टोकं आणि केसरबाई एका तबकडीवर.

खडूस काका

केसरबाईंना बेरीच्या शेजारी बसवलंय हे त्यांना कळलं असतं तर यान परत बोलावलं असतं.

चहाबिस्कूट

काका =))

पावणेआठची लोकल

रविवारचा अहवाल देतो. पोराला सगळा धागा वाचून दाखवला (शिंदेसरकार वगळून, क्षमस्व). ए ची तार, प ध प ध, आधी झोक्यात, मग सरळ. मी डब्यावर. झोक्यात दोघांचं छान जमलं. सरळ करायला गेलो तर पहिलं आवर्तन सरळ जातं आणि म वर उडी मारली की पोराचा हात परत लंगडायला लागतो. तीनदा, चारदा, तेच. मी डब्यावर सरळ धरून बसलो तर अर्ध्यात मीच लंगडायला लागलो. नखभर गंधार मात्र पहिल्या फटक्यात मिळाला त्याला, तो वाजल्यावर दोघंही गप्प बसलो जरा.

तबलजी, हा हात म वरच का घसरतो?

कोपऱ्यातला तबलजी

कारण लक्ष डाव्या हाताच्या उडीकडे जातं आणि उजवा हात मोकाट सुटतो, आणि मोकाट सुटलेला हात झोक्यात जातो, सगळ्यांचाच. कॉर्ड बदलूच नका दोन दिवस. एका सा वर 48 मात्रा सरळ, उजव्या हाताने सगळे फटके खालच्या दिशेनेच मारायला सांगा, खाली-वर नको. वरच्या फटक्यात झोका लपलेला असतो. मनगट दुखेल, दुखलं की थांबायचं. आणि सुरुवात 100 ने करा, 170 ने नको.

शिंदेसरकार

मला वगळलं ते ठीक आहे. पण हा डबा कितीला मिळतो?